सोंगाड्याने सरदाराची हवा काढायची, पण ‘सरकार, सरकार’ म्हणत

पडदानशीन (धागाकर्ता)

सोसायटीच्या गणेशोत्सवासाठी वगाच्या ढंगातला एक सहा मिनिटांचा प्रवेश लिहितोय. पात्रं दोनच. सरदार गर्जेराव, अंगात बळ कमी आणि मिशीला पीळ जास्त. आणि त्यांचा चाकर गेनू, ज्याची जीभ वस्तऱ्यासारखी चालते. सरदार फुशारक्या मारणार आणि गेनू अदबीने त्यांची हवा काढणार, एवढंच आहे. पहिला खर्डा असा:

सरदार: अख्ख्या मुलखात आमच्याएवढा शूर कोणी नाही!
गेनू: शूर कसले, पळपुटे तुम्ही. झुरळ दिसलं तरी टेबलावर चढता.
सरदार: गप्प बस मूर्खा!
गेनू: मूर्ख मी न्हाई, तुम्ही. म्हणून तर बायको मिळंना.
सरदार: जीभ हासडीन!
गेनू: हासडा. पण आधी खाली वाकून दाखवा, पोट मधी येतंय.

वाचनात पहिल्या दोन वाक्यांना हशा येतो. मग ओसरतो आणि शेवटाकडे ऐकणाऱ्यांना चक्क सरदाराची दया यायला लागते. शिव्या तर मी एकही घातलेली नाही. मग चुकतंय कुठे? जाणकारांनी सांगावं.

चकली_सोडून_सर्व

सरदाराच्या वाड्यात टेबल? :D
बाकी धाग्यावर लक्ष ठेवून आहे. खुर्ची घेतली आहे.

पडदानशीन

मंचक करतो.

ढोलकीची_थाप

टेबलाने काही बिघडत नाही, वगात राजासुद्धा खुशाल मोटारीतून येतो. बिघाड दुसऱ्या ओळीत आहे. गेनूने सरदाराला तोंडावर ‘पळपुटे’ म्हटलं आणि सरदाराने ते ऐकलं. प्रवेश तिथेच संपला. आता सरदाराला दोनच गोष्टी करता येतात, मारणं किंवा ओरडणं. मारलं तर गेनू रडणार. ओरडला तर प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठ्याने ओरडावं लागणार. तुमच्या खर्ड्यात तो दोनदा ओरडतोय आणि दुसऱ्यांदाच प्रेक्षक कंटाळलाय.

दयेचं कारणही तेच. सरदाराने एकच फुशारकी मारली आणि तिच्या बदल्यात चार टपल्या खाल्ल्या. हिशेब चुकला. ज्याने एकदा बढाई मारली त्याला एकदाच टोचायचं. दुसऱ्यांदा टोचायचं असेल तर त्याच्याकडून दुसरी बढाई मारून घ्यायची. गेनूने आपल्या खिशातला एकही दगड मारायचा नाही, सरदाराने टाकलेलाच उचलायचा. झुरळ, बायको, पोट हे तुमचे दगड आहेत, सरदाराने त्यांतलं काहीच काढलं नव्हतं.

आता अदब. सोंगाड्याचं वाक्य असं हवं की कोणी कॉलर धरून विचारलं, ‘काय म्हणालास?’, तर त्याला तेच वाक्य जसंच्या तसं पुन्हा म्हणता आलं पाहिजे आणि त्यात शब्दाने वाईट काही निघता कामा नये. नमुना देतो:

सरदार: आमची तलवार पाहून शत्रू थरथर कापतो!
गेनू: कापणारच जी. वीस वर्षं झाली, पात्यावर एक डाग न्हाई. एवढी स्वच्छ तलवार त्यानं जन्मात बघितली नसंल.

ही ओळ कागदावर लिहून गोष्ट माहीत नसलेल्या माणसाला दाखवा. त्याला ती स्तुती वाटली पाहिजे, आणि तीन सेकंदांनी त्याने हसायला पाहिजे. लगेच हसला तर अपमान फार उघडा आहे. हसलाच नाही तर फार खोल पुरलाय.

पंचमारू

थोडा असहमत. एवढा विचार करून विनोद होत नाही. सहा मिनिटं म्हणजे ३६० सेकंद, दर दहा सेकंदांना एक हशा म्हटलं तर ३६ पंच हवेत. कोट्या वापरा. ‘सरदार’ वरून ‘सरडा’, ‘गर्जेराव’ वरून ‘गरजेपुरते राव’. मराठी कोट्यांनी भरलेली आहे. उपरोध, अतिशयोक्ती, कोटी हे आलटून पालटून टाकत गेलं की प्रवेश उभा राहतो.

चकली_सोडून_सर्व

‘गरजेपुरते राव’ ढापणार आहे.

ढोलकीची_थाप

@पंचमारू, ‘गरजेपुरते राव’ छान आहे, ठेवा. पण एकच. आणि वेगाचा मुद्दाही अर्धा बरोबर आहे, गंभीर ओळींचा लांबलचक पट्टा नकोच. चूक एवढीच की ३६ पंच मारायचे तर ३६ दावे लागतील, आणि ३६ दावे करणारा माणूस नसतो, ते यंत्र असतं. कोटीची आणखी एक अडचण आहे. प्रेक्षक कोटीला हसतो तेव्हा तो लेखकाला हसतो. सरदार बाजूला राहतो. आपल्याला हशा सरदाराच्या अंगावर पडायला हवा.

सहा मिनिटांत तीन फुशारक्या भरपूर झाल्या. प्रत्येकीला एक मोठा हशा आणि मागून एखादा छोटा. मात्र त्या तीन नुसत्या एकापुढे एक मांडू नका. पहिली टाचणी लागली म्हणून तोल सावरायला सरदाराने दुसरी, जास्त मोठी फुशारकी मारायची. ती फुटली की तिसरी. म्हणजे प्रवेश गेनू पुढे नेत नाही, सरदाराची लाज पुढे नेते.

ऑफिसातला_गेनू

अगदी वेळेवर धागा आला. आमचे साहेब मीटिंगमध्ये दुसऱ्याच्या कामाचं श्रेय स्वतः घेतात. त्यांना असं काहीतरी अदबीने ऐकवायचंय की कळलं तर पाहिजे पण कारवाई करता येऊ नये. एक-दोन वाक्यं सुचवा ना.

चकली_सोडून_सर्व

पगार जमा झाल्याचा मेसेज आल्यावर बोला, एवढीच सूचना.

विंगेतली_वहिनी

@ऑफिसातला_गेनू, इथलं तंत्र तिथे चालणार नाही. रंगमंचावर गेनूच्या मागे प्रेक्षक असतो, त्याला आधीच ठाऊक असतं की सरदार फुसका आहे. मीटिंगमध्ये बाकीचे खाली मान घालून लॅपटॉपकडे बघतील. तिथे ‘हे काम कोणी केलं ते मेलमध्ये लिहून पाठवू का?’ असं सरळ विचारावं.

पडदानशीन यांच्यासाठी मुद्दा: तुमच्या प्रवेशात तिसरं माणूस नाही. ते आणा. दोघंच असतील तर सरदार फुशारकी मारतोय कोणापुढे? जो चाकर रोज त्याच्या अंगाला उटणं लावतो त्याच्यापुढे? त्याला सगळं माहीत आहे. बढाईला गिऱ्हाईक लागतं. पाहुणा आणलात की एका फटक्यात तीन कामं होतात. सरदाराला बढाई मारायचं कारण मिळतं. गेनूला सरदाराशी न बोलता पाहुण्याशी बोलता येतं, म्हणजे अपमान ‘माहिती पुरवणं’ होऊन जातो. आणि मुख्य म्हणजे सरदाराला अपमान कळला तरी पाहुण्यादेखत कबूल करता येत नाही. कबूल केलं तर तो खरा ठरतो.

पाहुणा कोण ते लेखकाने ठरवावं, पण सरदाराला त्याच्याकडून काहीतरी हवं असायला पाहिजे.

पडदानशीन

मुलीकडचे दिवाणजी! सरदार लग्नाचे आहेत, दिवाणजी स्थळ बघायला आलेत.

विंगेतली_वहिनी

उत्तम. आता आणखी एक खुंटी ठोका. दिवाणजींनी आल्या आल्या सांगायचं, ‘मुलीच्या आईसाहेबांची एकच अट आहे, जावई शांत स्वभावाचा हवा.’ झालं. आता सरदाराला ओरडायची बंदी. प्रत्येक टोमण्याला त्याचा हात तलवारीकडे जाणार आणि दिवाणजींनी बघितलं की तो हात पटका सारखा करायला वळणार. ‘जीभ हासडीन’ हे वाक्य त्याला हसत हसत, मधाळ आवाजात म्हणावं लागेल. तुमचे दोन्ही आरडाओरडे एकदम कामाचे होतील.

पंचमारू

हे मात्र भारी. माझे ३६ पंच मागे घेतो. ३० ठेवतो.

शकारप्रेमी

या जोडगोळीची वंशावळ फार जुनी आहे म्हणून थोडं अवांतर. संस्कृत नाटकातला विदूषक राजाला ‘वयस्य’ म्हणतो, म्हणजे तो चाकर नाही, मित्र आहे. राजा संस्कृत बोलतो आणि विदूषक प्राकृत. विरहाने व्याकुळ राजा चार ओळींचा श्लोक म्हणतो आणि विदूषकाला त्या वेळी मोदक आठवतात. राजाची हवा तो काढतो, पण अपमानासाठी नव्हे. राजा उंच उडाला की तो जमिनीवर असतो, इतकंच.

तुमच्या सरदाराचा खरा पूर्वज ‘मृच्छकटिका’तला शकार. राजाचा मेहुणा, त्या जोरावर माजलेला, आणि विद्वत्ता दाखवायची भारी हौस. नायिका वसंतसेनेचा पाठलाग करताना तो तिला ऐकवतो की रावणाच्या तावडीत कुंती सापडावी तशी तू माझ्या हाती सापडली आहेस. रामायण-महाभारताची खिचडी. गंमत अशी की शेजारी त्याचा सोबती विट उभा आहे, शिकलेला आणि जिभेचा तिखट, पण या वाक्यावर त्याला काही करावंच लागत नाही. शकाराने स्वतःच स्वतःला उघडं पाडलेलं असतं.

यातून घेण्याजोगी गोष्ट म्हणजे तीनपैकी एक फुगा सरदारालाच फोडू द्या. गेनूने त्या वेळी फक्त ‘जी’ म्हणावं. सगळे फुगे गेनूनेच फोडले तर तो आगाऊ वाटायला लागतो.

ढोलकीची_थाप

‘फक्त जी’ याला दंडवत. वगात हे काम मागचे झीलकरीसुद्धा करतात. सरदार पल्लेदार वाक्य फेकतो, झीलकरी ‘जी जी रं जी’ अशी ओढ देतात, आणि त्या ओढीच्या लांबीवरून प्रेक्षकाला कळतं की हे किती खरं मानायचं.

गण, गौळण, बतावणी, वग अशी तमाशाची चढण असते. हा जो अदबशीर टोमणा आपण शोधतोय तो बतावणीत आणि वगात सोंगाड्याकडे असतो, पण गौळणीतल्या मावशीकडेही बघा. ती कृष्णाला देव म्हणून ओळखते आणि तरीही त्याला गल्लीतल्या पोरासारखी झापते. तिथे आदर खरा आहे आणि झापणंही खरं आहे. तुमच्या गेनूला सरदाराबद्दल थोडी माया आहे की नाही हे ठरवा, सगळ्या ओळींचा सूर त्यावर बदलेल.

वऱ्हाडी_ठेचा

एक आक्षेप नोंदवतो. सरदार पुस्तकी मराठीत बोलतो आणि चाकर ‘न्हाई, नसंल, मिळंना’. का बरं? दरवेळी गावाकडची बोली म्हणजे विनोद, हे शहरातल्या लेखकांनी ठरवून टाकलं आहे. प्रेक्षक टोमण्याला हसतात की बोलीला, ते कसं ओळखणार?

ढोलकीची_थाप

रास्त आहे. ओळखायची रीत सोपी आहे. गेनूची ओळ प्रमाण मराठीत करून वाचा. ‘एवढी स्वच्छ तलवार त्याने जन्मात पाहिली नसेल.’ तरी हसू आलं तर ओळ पक्की. नाही आलं तर आपण बोलीच्या जिवावर जगत होतो. माझं मत, पश्चिम महाराष्ट्राच्या वगाची लय त्या बोलीतच आहे, म्हणून ती राहावी. ती फक्त गेनूचीच असू नये. सरदारही त्याच मातीतला असणार, तो दिवाणजींपुढे शुद्ध बोलायचा आव आणतो. चिडला की त्याची खरी बोली बाहेर येऊ दे.

वऱ्हाडी_ठेचा

मग हसणं सरदाराच्या बोलीला होईल. तोच प्रश्न दुसऱ्या दारातून आत आला.

शकारप्रेमी

आव आणण्याला हसतात, बोलीला नाही. पण ही रेषा फार बारीक आहे, हे मान्य. उलटं करून बघायला हरकत नाही: गेनूच अतिशुद्ध बोलतो, एखाद्या कारकुनाने अर्ज लिहावा तसा. ‘सरकारांच्या पराक्रमाबाबत सदर सेवकास काही एक माहिती नाही.’

वऱ्हाडी_ठेचा

हा गेनू मला जास्त आवडला.

मिशीगनची_मिशी

इथल्या महाराष्ट्र मंडळात असले प्रवेश बसवतो, म्हणून विचारतो. प्रेक्षकांत निम्मी मुलं इथेच वाढलेली. त्यांना ‘तू’ आणि ‘तुम्ही’ कळतं, ‘आपण’मधली जादा अदब कळत नाही. मग ‘अदबीने अपमान’ त्यांच्यापर्यंत पोचणार कसा?

विंगेतली_वहिनी

शरीराने. गेनूने प्रत्येक टोमण्याआधी मुजरा करायचा, आणि टोमणा जितका तिखट तितका मुजरा खाली. तिसऱ्या वेळेपर्यंत मुलांना गणित कळतं, तो वाकायला लागला की त्यांना आता काहीतरी येणार हे समजतं. मग एकदा नुसतंच वाकून काही न बोलता सरळ व्हायचं. तिथे हशा हमखास.

शब्दांतली अदबही तशीच चढत न्या. सुरुवातीला ‘सरकार’, पुढे ‘आपण’, शेवटी ‘आपल्या पायांच्या कृपेनं’. मध्येच ‘तुम्ही’वर घसरू नका. तुमच्या खर्ड्यात ‘पळपुटे तुम्ही’ आहे, तिथे अदब गेली आणि उरलं नुसतं भांडण.

पडदानशीन

सगळ्यांचे आभार. दुसरा खर्डा, मधला तुकडा:

दिवाणजी: सरदारसाहेबांच्या पराक्रमाबद्दल फार ऐकलं आहे.
सरदार: त्या लढाईत आम्ही सर्वांच्या पुढे होतो!
गेनू: परत येताना सरकार सगळ्यांच्या पुढं होते, दिवाणजी.
सरदार: (पटका सारखा करत) छातीवर वार झेललेत आम्ही!
गेनू: आणि पाठीवर पण झेललेत, ते सरकार सांगत न्हाईत कारण ते विनयी हायेत.
सरदार: आमच्या वाड्यातून याचक कधी रिकाम्या हाताने जात नाही!
गेनू: खरंय, कारण सरकार त्याला झाडू देऊन वाडा झाडायला लावतात.

ढोलकीची_थाप

माल एक नंबर, बांधणी उलटी. तिन्ही ओळींत तुम्ही आधी गुपित सांगता आणि मग वाक्य पूर्ण करता. हसू येईल असा शब्द शेवटी ठेवा, त्याच्यानंतर काही नको. ‘दिवाणजी’ हे संबोधनसुद्धा नको, कारण लोक हसायला लागतात आणि नट अजून बोलतोय असं होतं.

पहिली ओळ:
गेनू: डोळ्यांनी बघितलंय दिवाणजी. सरकार सगळ्यांच्या पुढं. अख्खी फौज मागं. (थांबून) परत येताना.

इथे पहिली तीन वाक्यं खरीखुरी साक्ष आहे. सरदाराने ती ऐकून छाती फुगवायची, दिवाणजींकडे बघायचं, आणि छाती पूर्ण फुगली की ‘परत येताना’. फुगवायला वेळ दिला नाही तर फोडणार काय?

दुसरी ओळ. तुम्ही ‘कारण ते विनयी आहेत’ असं समजावून सांगितलंत. ‘कारण’ आला की विनोद गेला, तो शब्द दिसला की खोडा. अपमान ‘पाठीवर’ या शब्दात आहे आणि स्तुती ‘विनय’ या शब्दात. स्तुती आधी:
गेनू: आणि विनय बघा सरकारांचा. पाठीवरच्यांचं नावसुद्धा काढत न्हाईत.

तिसरी:
गेनू: न्हाई जात. हातात झाडू दिल्याबिगर सरकार सोडतच न्हाईत.

‘वाडा झाडायला लावतात’ हे प्रेक्षक स्वतः समजून घेईल. ती शेवटची पायरी त्याला चढू द्या, त्यातच त्याची मजा आहे. सरदाराचं वाक्य अक्षरशः खरं ठरवायचं आणि त्याच खरेपणाने त्याला पाडायचं, हा अदबशीर अपमानाचा सगळ्यात भरवशाचा साचा. पण तीनदा तोच साचा वापरला तर चौथ्या वेळी प्रेक्षक नटाच्या आधी बोलतो. म्हणून तिसऱ्या फुशारकीला शकारप्रेमींची युक्ती लावा, गेनूला गप्प ठेवा.

शकारप्रेमी

उदाहरणार्थ:
सरदार: आमचं वाचनही दांडगं आहे. बिभीषणाने कौरवांची बाजू सोडली तेव्हा काय म्हणाला, सांगू?
(दिवाणजी गेनूकडे बघतात.)
गेनू: जी.

चकली_सोडून_सर्व

‘सांगू?’ ला ‘जी’ =)) सांगा म्हणतोय की थांबा म्हणतोय, दोन्ही.

पंचमारू

ही ओळ वाचून माझे पंच २९ झाले.

विंगेतली_वहिनी

आता तालमीतल्या गोष्टी, कारण या तऱ्हेचे प्रवेश कागदावर चांगले असूनही मंचावर पडतात.

नट निवडताना सगळे गेनूसाठी सर्वांत चांगला नट शोधतात. चांगला नट सरदाराला द्या. गेनूकडे ओळी आहेत, त्या बऱ्या म्हटल्या तरी चालतात. सरदाराकडे प्रतिक्रिया आहेत आणि हशा त्या प्रतिक्रियेवर दुप्पट होतो. टोमणा आला की त्याने तीन टप्पे घ्यायचे: स्तुती समजून हसायचं, हसू चेहऱ्यावरच थिजायचं, मग दिवाणजींकडे बघून पुन्हा हसायचं, पण आता खोटं. हे घाईत उरकलं तर अपमान फुकट जातो.

हशा आला की पुढची ओळ लगेच घ्यायची नाही आणि हशा पूर्ण विझेपर्यंतही थांबायचं नाही. वर जाऊन उतरायला लागला की ओळ सुरू. उतरत्या हशात फुशारकीचे पहिले दोन शब्द बुडाले तरी चालतील, म्हणून फुशारकीची सुरुवात बिनमहत्त्वाच्या शब्दांनी करा, ‘अहो, ते जाऊ द्या,’ अशी.

गेनूने हसायचं नाही. ओठसुद्धा हलता कामा नयेत. आपण विनोद केला हे त्याला माहीतच नाही असा चेहरा. त्याच्या हातांना काम द्या: विडा लावणं सगळ्यात सोयीचं, कारण त्याला क्रम असतो. पान पुसणं, देठ खुडणं, चुना, कात, सुपारी, घडी, लवंग. स्तुतीच्या भागात हात चालू, अपमानाच्या शब्दाआधी हात थांबले. शेवटचा विडा दिवाणजींना द्यावा, सरदाराने पुढे केलेला हात तसाच.

मिशीगनची_मिशी

विडा इथे मोठ्यांना कळेल, पोरांना नाही. चहाचा ट्रे चालेल का?

विंगेतली_वहिनी

चालेल, पण कप खोटे असले तरी थोडं पाणी घाला. रिकामा कप हातात हलका फिरतो आणि पहिल्या रांगेला दिसतो.

वऱ्हाडी_ठेचा

मूळ प्रश्नाकडे येतो. दया येण्याचा मुद्दा अजून पुरता सुटलेला नाही. तीन फुशारक्या फुटल्या, दिवाणजी निघून गेले, लग्न मोडलं. अजूनही तो बिचाराच. तुम्ही एका एकट्या माणसाला सहा मिनिटं सोलताय.

ढोलकीची_थाप

म्हणून सरदाराच्या हातात सत्ता दिसली पाहिजे. पडदा उघडल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात त्याने कोणावर तरी अन्याय करावा, छोटासाच. गेनूचा तीन महिन्यांचा पगार बाकी आहे आणि तो मागितल्यावर सरदार ‘स्वामिनिष्ठेला मोल नसतं’ म्हणतो, एवढं पुरे. त्यानंतर जे होईल ते प्रेक्षकाला वसुली वाटते.

आणि पोटाची ओळ कायमची काढा. शरीर, जात, गरिबी, मूल नसणं, यांवर गेनू बोलला की पारडं फिरतं. माणूस जे मिरवतो त्यावर बोलावं, जे त्याला मिळालंय त्यावर नाही.

पंचमारू

पण मिशीवर? मिशी मिरवतोच की.

ढोलकीची_थाप

मिशी चालेल. पीळ त्याने स्वतः दिलाय.

शकारप्रेमी

सरदाराला एक तरी फेरी जिंकू द्यावी, असं माझं मत. शेवटाकडे त्याने शांतपणे विचारावं, ‘गेनू, तू एवढा शहाणा, मग तू चाकर आणि आम्ही सरकार कसे?’ गेनूकडे उत्तर नाही. एक क्षण सगळं थांबतं. मग प्रवेश नुसता टोमण्यांचा राहत नाही.

ढोलकीची_थाप

वगात हे बसणार नाही. सोंगाड्या निरुत्तर झाला की ढोलकी पडली. एकतर त्याच्याकडे परतीची ओळ हवी, ‘तेच कोडं मला रोज आपलं जोडं पुसताना पडतंय जी’, किंवा हा प्रश्नच नको.

शकारप्रेमी

ओळ सुरेख आहे, पण मग सरदार जिंकला कुठे?

वऱ्हाडी_ठेचा

मी निरुत्तर गेनूच्या बाजूने.

विंगेतली_वहिनी

गणपतीच्या मांडवात क्षणभर शांतता मिळत नाही, मागे पोरं धावत असतात. सभागृहात शकारप्रेमींचं ऐका, मांडवात थापेचं.

पडदानशीन

मांडवच आहे. दोन्ही लिहून ठेवतो आणि तालमीत ठरवतो. लांबीचं विचारायचं राहिलं, आता माझे हाताने लिहिलेले पाच कागद झालेत. सहा मिनिटांत बसतील?

विंगेतली_वहिनी

कागद मोजू नका, घड्याळ लावून मोठ्याने वाचा, विड्याचे हातवारे करत. साडेचार मिनिटं आली तर बरोबर, उरलेला दीड मिनिट हशा आणि सरदाराचा चेहरा खाईल. साडेपाच आली तर कापा, आणि कापताना टोमणे नका कापू, दिवाणजींची वाक्यं कापा. लेखकाला त्यांच्या तोंडी माहिती घालायची फार सवय असते.

आणि मांडवात लटकते माईक असतील तर जागा आधी बघून घ्या. मुजऱ्यात वाकलेल्या गेनूचा आवाज जमिनीकडे जातो. त्याने वाकून, सरळ होऊन, मग बोलावं. ‘परत येताना’ मागच्या रांगेला ऐकू आलं नाही तर पुढच्या रांगा का हसल्या हे मागचे एकमेकांना विचारत बसतात आणि पुढची फुशारकी त्यात वाहून जाते.

चकली_सोडून_सर्व

वाचनखूण साठवली. पगार तीन महिन्यांचा ठेवा, आमच्या सोसायटीच्या वॉचमनचाही तेवढाच थकलाय आणि अध्यक्ष पहिल्या रांगेत बसतात.

पडदानशीन

आमच्याकडे अध्यक्षच सरदाराचं काम करतायत.

ढोलकीची_थाप

मग तालमीत त्यांना फक्त स्तुतीची अर्धी वाक्यं द्या.